२० लिटर म्हशीच्या दुधाचं पनीर करावं का दही? उतारा आणि घट धरून दराचा हिशेब

कराडच्या बाजूला म्हणा, नाहीतर तिकडं पलूस-तासगाव पट्ट्यात म्हणा, चार-सहा म्हशी असलेल्या माणसाच्या डोक्यात कधी ना कधी हा किडा वळवळतोच, की संघाला दूध घालून दहा दिवसांनी बिलाची वाट बघण्यापेक्षा निम्मं दूध घरीच ठेवून त्याचं काहीतरी करून विकलं तर? मग पुढचा प्रश्न, पनीर का दही. बहुतेक जण बाजारात काय दर चाललाय ते विचारून त्यातनं दोन-पाच रुपये कमी लावून सुरू करतात आणि महिन्याच्या शेवटी पैसे कुठं गेले कळत नाही.

कारण दोन्हीची घट वेगवेगळ्या ठिकाणी होते. पनीरची घट पातेल्यात होते, दह्याची घट दुकानदाराच्या फ्रीजमध्ये होते. आपण ऊस घालतो तेव्हा कारखान्याचा उतारा किती पडला हे चौकात बसून सांगू शकतो, पण घरच्या पनीरचा उतारा विचारला की "पडतं की चार-साडेचार किलो" असं उत्तर येतं, आणि ह्या चार आणि साडेचारच्या मधेच सगळा धंदा आहे.

हिशेबासाठी २० लिटर म्हशीचं दूध धरू, फॅट ६, एसएनएफ ९. संघाचा दर ५५ रुपये धरलाय, तुमचा जो असेल तो टाका. म्हणजे दूध ११०० रुपयांचं. घरच्या म्हशीचं दूध आहे म्हणून ते फुकट धरायचं नाही, जे संघाकडनं मिळणार होतं ते सोडलंय ना आपण, तीच त्याची किंमत. अजून एक, सगळा हिशेब वजनावर करायचा. दुधाचा एक लिटर साधारण १.०३ किलो भरतो, म्हणजे हे २०.६ किलो दूध झालं.

आधी पनीर

दूध ९० डिग्रीपर्यंत तापवायचं, खाली उतरवून ७०-७५ ला आणायचं आणि मग एक टक्क्याचं सायट्रिक ॲसिडचं पाणी, ते पण गरमच, हळूहळू सोडत हलवायचं. लिटरला साधारण २ ग्रॅम ॲसिड लागतं. आता इथं निवळीकडं बघायचं. निवळी हिरवट-पिवळी आणि आरपार दिसणारी आली की दुधातलं जे यायचं ते सगळं कापडात आलं. ती दुधाळ पांढरी दिसली की समजायचं फॅट आणि प्रोटीन मोरीत चाललंय, म्हणजे ॲसिड कमी पडलंय नाहीतर घाई झालीय. उलट काही जण गॅस चालू ठेवून उकळत्या दुधातच ॲसिड ओततात, दूध फाटतं झक्कास पण पनीर रबरासारखं होतं, त्यातलं पाणी पिळून निघतं आणि वजन घटतं. वर दगड जड ठेवला, जास्त वेळ ठेवला, तरी तेच.

सगळं नीट झालं तर ह्या दुधाचं दाबणीतनं निघाल्यावर ४.२ किलोच्या आसपास पनीर मिळतं. पण हे विकायचं वजन नव्हे बरं का. ते थंड पाण्यात दोन-तीन तास ठेवतो, निथळतो, रात्रभर फ्रीजमध्ये राहतं, सकाळी कडा कापून चौकोनी करतो, आणि तेव्हा काटा ४ किलो दाखवतो. काही जण पाण्यातनं काढलं की ओलंचिंब असतानाच वजन करून पोचवतात, ते एकदा चालतं, दुसऱ्यांदा हॉटेलवाला तव्यावर टाकतो आणि कडेनं पाणी सुटलेलं बघून फोन करतो. म्हणून वजन सकाळी, निथळल्यावर, कापल्यावर.

खर्च बघा. दूध ११००, गॅस ३०, ॲसिड १०, पिशव्या आणि फ्रीजचं लाईट बिल मिळून ४०, आणि मजुरी १५०. घरातली वहिनी किंवा आई करत असली तरी मजुरी धरायचीच. झाले १३३०. ते ४.२ नं भागलं तर किलोला ३१७ पडतात, ४ नं भागलं तर ३३२. हे १५-१६ रुपये बरेच जण पहिल्या दिवसापासनं घालवतात, कारण भागायचं असतं विकलेल्या किलोनं आणि ते भागतात बनवलेल्या किलोनं.

३८० रुपये किलोनं दिलं तर १५२० येतात, म्हणजे संघाला घालण्यापेक्षा १९० रुपये वर. लिटरमागं साडेनऊ. आता समजा त्या दिवशी निवळी दुधाळ गेली आणि हातात ३.६ किलोच आलं, तर खर्च किलोला ३६९ वर जातो आणि १९० चे ३८ होतात. दर तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त ४०० ग्रॅम मोरीत गेलं.

इथंच गाईच्या दुधाचं पण सांगतो, कारण "गाईचं स्वस्त आहे, त्याचं पनीर करू" हे फार ऐकायला मिळतं. ३.५ फॅटचं २० लिटर, दर ३५ धरला तर ७०० रुपये. बाकी खर्च तोच २३०, गॅस काय गाय-म्हैस बघत नाही. पण विकायला पनीर २.८ किलोच्या आसपासच राहतं. ९३० भागिले २.८, परत ३३२! म्हणजे स्वस्त काही पडलं नाही, उलट तेवढ्याच कष्टात सव्वा किलो माल कमी, आणि मऊ, तुटकं. शिवाय पनीरच्या कोरड्या भागात निम्मी तरी दुधाची फॅट आणि पाणी जास्तीत जास्त ६० टक्के असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, ३.५ फॅटचं गाईचं दूध तिथं अगदी काठावर बसतं. गाईचं दूध असेल तर मी तरी दह्याकडं वळेन.

आता दही

दह्यात उताऱ्याची भानगड नाही, जेवढं दूध जवळपास तेवढं दही. उघड्या पातेल्यात तापवून दहा-पंधरा मिनिटं आटवताना एक किलोभर वाफेत जातं. विरजण कालच्या दह्यातनं येतं आणि उद्यासाठी तेवढंच बाजूला निघतं, त्यामुळं ते हिशेबात शून्य. भांड्याला चिकटलेलं, सांडलेलं सोडून १९.३ किलो कपात भरायला उरतं. दूध ४२-४३ डिग्रीला असताना विरजण लावून कपातच लावायचं, मोठ्या भांड्यात लावून मग डावानं काढलं की दही मोडतं आणि पाणी सुटतं.

४०० ग्रॅमचा कप म्हटलं तरी हात ४१० भरतो, कमी भरून चालत नाही आणि काट्यावर रोज कोण ग्रॅम मोजत बसणार. म्हणून ४८ नाही, ४७ कप धरा. खर्चात दूध ११००, गॅस ४०, कप-झाकण चार रुपयांनी १९०, फ्रीज ४०, मजुरी १५०. सगळे मिळून १५२०. कपाला ३२ रुपये आणि काही पैसे.

दुकानदाराला ३८ नं दिला आणि सगळेच्या सगळे खपले तर १७८६ येतात, म्हणजे २६६ वर. पनीरच्या १९० पेक्षा चांगलेच. मग दहीच करा की! पण थांबा, परत माल अजून धरलाच नाही. कपाचं दही दुकानदार "खपलं तर पैसे" ह्या बोलीवर ठेवतो, मे महिन्यात लाईट गेली, फ्रीज चार तास बंद राहिला की दही आंबट होतं आणि कप आपल्याकडं परत. त्याचं ताक करून घरात प्या नाहीतर म्हशीला घाला, पैसे काही येत नाहीत आणि कपाचे चार रुपये गेले ते गेलेच.

४७ मधले ५ परत आले तर ४२ चे १५९६, हातात ७६ राहतात. ७ परत आले तर ४० कपांचे बरोबर १५२०, म्हणजे दिवसभर राबून संघाला घातल्याएवढेच. आणि २ परत आले तर ४५ कपांचे १७१०, वर १९०, म्हणजे पनीरशी बरोबरी. हाच आकडा मला सगळ्यात कामाचा वाटतो. ह्या दरांना रोज सरासरी दोनपर्यंतच कप परत येत असतील तर दही, त्याच्या वर गेले की पनीर. तुमचे दर टाकून हा आकडा एकदा काढा आणि आठवडाभर वहीत फक्त परत आलेले कप लिहा.

खानावळ किंवा मिसळवाला ठरलेला असेल तर सुटं दही पण वाईट नाही. कपाचे १९० वाचतात, खर्च १३३० वर येतो. फक्त सुट्यात पाणी सुटून आणि काढताना घट जरा जास्त, १९.३ चं १८.६ किलो धरा, किलोला ७१-७२ पडतात. ८५ नं गेलं तर २५० रुपये सुटतात आणि परत यायचा प्रश्न नाही, कारण तिथं डबा रिकामा करूनच निघायचं असतं.

हॉटेलवाला २८० म्हणाला तर

म्हणतोच. "मला पनीर २८० ला घरपोच मिळतंय." मिळत असेल, पण ११०० चं दूध ४ किलोवर टाकलं तर नुसतं दूधच किलोला २७५ चं आहे. २८० चं जे येतं त्यात पाम तेल आणि पावडर असायची शक्यता फार, त्याच्याशी दरात भांडून उपयोग नाही. २८० नं दिलं तर २० लिटरला २१० रुपये खिशातनं जातात. असा बोलणारा असेल तर त्याला दही विचारा, नाहीतर दूध सरळ संघाला घाला. उधारी पण बघा, दह्याचे पैसे दुकानदार दोन-तीन दिवसांत देतो, हॉटेलवाला महिना लावू शकतो.

हंगामाप्रमाणं पारडं हलतं. श्रावणात आणि लग्नसराईत पनीरला मागणी असते, पावसात-थंडीत दह्याचे कप पडून राहतात आणि विरजण पण उशिरा लागतं, उन्हाळ्यात दही धडाधड जातं पण तेव्हाच आंबतं पण लवकर. ओला चारा सुरू झाला की फॅट खाली येते, संघ फॅटप्रमाणं दर कमी देतो ते लगेच दिसतं, पण पनीरचा उतारा पण त्याच दिवशी खाली आलेला असतो हे वजन केल्याशिवाय दिसत नाही.

दर बदलायची वेळ आली की सोपं गणित असं. दूध लिटरला १ रुपयानं वाढलं तर २० लिटरला २० रुपये, ते ४ किलोवर पडले म्हणजे पनीर किलोला ५ रुपयांनी वाढवायचं. दह्याच्या कपाला तेच ४३-४४ पैसे होतात. कप ५० पैशांनी वाढवता येत नाही, दुकानदार सुट्ट्या पैशांवरनं डोकं खातो, म्हणून तिथं दूध दोन रुपये चढेपर्यंत थांबून एकदम १ रुपया. पनीरवाल्या गिऱ्हाइकाशी मात्र पहिल्याच दिवशी बोलून ठेवायचं, की संघाचा दर हलला की तुमचा पण हलणार, रुपयाला पाच, वर जाताना पण आणि खाली येताना पण.