बाथरूमला डब्ल्यूपीसी दरवाजा, दोन पावसाळे काढल्यानंतर

घर देवगडला, समुद्र जवळच, त्यामुळे पाणी आणि खारी हवा दोन्हींचा मार. जुना फ्लश डोअर वरून लॅमिनेटसकट टकाटक दिसायचा पण खालची कड अंगठ्याने दाबली की भुगा. हे दरवाजे बहुतेक खालूनच कुजतात, मेस्त्री फरशीला घासू नये म्हणून खालून रंधा मारतो आणि ती उघडी कड कोणी बंद करत नाही, मग पाणी तिथूनच वर चढतं. बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचा घेतलात तरी ही कड सील करावीच लागते.

आम्ही सॉलिड डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला दरवाजा घेतला, ३० मिमी. पोकळ पीव्हीसी स्वस्त होता पण बिजागरीचे स्क्रू त्यात नीट धरत नाहीत, वर्षभरात दरवाजा लोंबतो. सॉलिड आहे ना ते दुकानातच कापलेल्या तुकड्यावर बघून घ्या. वजन तीसेक किलो भरतं, म्हणून तीनऐवजी चार बिजागऱ्या लावल्या आणि स्क्रूआधी बारीक ड्रिल मारायला लावलं, नाहीतर कडेला तडा जातो. दोन पावसाळे झाले, फुगणं शून्य. एकच खोट, ओरखडे पटकन दिसतात आणि ते पॉलिशने जात नाहीत.

आता जाळी, म्हणजे खालची लूव्हर. एक्झॉस्ट फॅन आधीही होता पण दार घट्ट बंद असलं की फॅन नुसता फिरतो, आत हवा यायला वाटच नसते. लूव्हर लावल्यावर तिथे टिश्यू पेपर धरला तर आत खेचला जातो, म्हणजे काम होतंय. पट्ट्या मात्र उलट्या व्ही आकाराच्याच घ्या. सरळ तिरक्या पट्ट्या आतल्या बाजूला उतरत्या लावल्या तर शिंतोडे आत परततात पण बाहेर उभ्या माणसाला आतली फरशी दिसते, उलट लावल्या तर पाणी पॅसेजमध्ये! व्ही मध्ये दोन्ही भानगडी मिटतात. साबणाचा थर साचतो, जुना टूथब्रश फिरवावा लागतो, त्याला इलाज नाही.

लॉकमध्ये सगळ्यात जास्त डोकं लागलं. आधीचा गोल नॉबवाला खाऱ्या हवेने आतून गंजून अडकायचा, बाहेरून चकचकीत. आता ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा बेबी लॅच, ज्याला बाहेरून नाण्याने फिरवायची खाच आहे. आमच्या आईने गेल्या दिवाळीत आतून कडी लावली आणि तिला ती उघडेना, बाहेरून एक रुपयाचं नाणं फिरवून काम झालं. घरात म्हातारी माणसं किंवा पोरं असतील तर साधी टॉवर बोल्ट नकोच. दुकानदार चुंबक लावून "बघा चिकटत नाही, ३०४ आहे" म्हणेल, पण २०२ ग्रेडलाही चुंबक सहसा चिकटत नाही आणि किनाऱ्यावर ते लवकर तांबूस डाग धरतं, म्हणून मालावर ३०४ लिहिलेलं बघून बिल घ्या. स्क्रूही त्याच स्टीलचे मागा, दुकानात बहुतेक वेळा पाकिटात साधे लोखंडीच घालून देतात.