टॅटू गेला, दंड राहिला: गिम्पचे सात महिने

आधी चिडचिड बाहेर काढते. मोबाइलवर एका टिचकीत टॅटू पुसणारं एक अ‍ॅप होतं माझ्याकडे. नाव घेत नाही. वर्गणी बंद केल्यावरही खात्यातून पुढच्या वर्षाचे पैसे गेले. मदत केंद्राला तीन मेल टाकले, तिन्हींना शब्दन् शब्द तेच उत्तर आलं. पैसे अजून आलेले नाहीत. त्या रागात जुन्या आठ जीबीच्या डेस्कटॉपवर गिम्प हे फोटो दुरुस्तीचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. त्याला आता सात महिने झाले.

मी कळव्यात घरी बसून नौपाड्यातल्या एका स्टुडिओची फोटो दुरुस्ती करते. बेसिक सगळ्यांना माहीत आहे असं धरून चालते, त्यामुळे एकाच कामाबद्दल लिहिते: हातावरचा टॅटू किंवा जन्मखूण.

साखरपुड्याचे फोटो होते. मुलाने शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या, उजव्या दंडावर चार अक्षरी नाव गोंदलेलं. नाव होणाऱ्या बायकोचं नव्हतं, हे सांगायला नकोच. अ‍ॅपने अक्षरं एका सेकंदात उडवली आणि मी खुशीत प्रूफ पाठवलं. संध्याकाळी स्टुडिओच्या काकांचा फोन आला, "अगं, मुलाची आई विचारतेय, हात सुजलाय का याचा?"

बघितलं तर खरंच सुजल्यासारखा दिसत होता. अक्षरांबरोबर बेटकुळीही गेली होती. खांद्याचा स्नायू आणि बेटकुळी यांच्यामधली खाच जिथे सावली धरते, तिथे सपाट तपकिरी लेप बसला होता. एरवी हे खपून जातं, पण करिझ्मा अल्बमच्या बारा बाय छत्तीसच्या पानावर दंड चांगला वीतभर येतो.

गिम्पमध्ये मला ज्याने जिंकलं ते एकच फिल्टर: Filters > Enhance > Wavelet Decompose. शाई कातडीच्या आतल्या थरात असते. वरची छिद्रं, बारीक सुरकुत्या, लव बहुतेक वेळा शाबूत असतात. म्हणजे टॅटू हा मुळात रंगाचा प्रश्न आहे, पोताचा नाही. हे फिल्टर फोटोचे थर वेगळे करतं. Scale 1 मध्ये अगदी बारीक पोत, पुढच्या प्रत्येक थरात आधीपेक्षा जाड तपशील, आणि शेवटी Residual, ज्यात फक्त धूसर रंग आणि सावल्या उरतात. तिथे रंग दुरुस्त करायचा आणि वरची कातडी तशीच ठेवायची.

जन्मखुणेला हे जवळपास एवढंच पुरतं. तिच्या कडा मऊ असतात, त्यामुळे ती बहुतेक Residual मध्येच सापडते. उंचवटा असलेली किंवा केसाळ असेल तर मात्र नाही. टॅटूची रेघ धारदार असते, तिची कड मधल्या थरांत सांडते. नुसतं Residual साफ केलं तर नावाचं भूत उरतं: रंग गेलेला, पण अक्षरांच्या कडा वाचता येतात.

पहिले दोन महिने माझं इथेच अडलं, आणि तेव्हा मी गिम्पला जाहीर शिव्या घालत होते. मधल्या थरांवर Clone फिरवला की नारिंगी डाग उठायचे. सॉफ्टवेअरच बिघडलंय असं ठरवून मी त्या थरांना हात लावणं सोडलं. कुठल्याशा दुसऱ्या कामासाठी मी Sample merged ची खूण लावली होती आणि ती तशीच राहिली होती, हे फार उशिरा कळलं. ती खूण असली की ब्रश चालू थरातलं न उचलता पडद्यावर दिसणारा अख्खा रंग उचलतो. हे थर मुळात राखाडी असतात आणि त्यांचा राखाडीपासूनचा फरक खालच्या चित्रात मिळवला जातो. त्यावर कातडीचा रंग ओतला तर डाग उठणारच. चूक माझी होती, दोन तारे परत दिले. तरी ती खूण इतकी बारीक का, हा प्रश्न माझा कायम आहे. हत्यार उचललं की आधी तिकडेच बघते, अजूनही. गॅस बंद केलाय ना, हे बघावं तशी.

आता त्या दंडावर काय केलं ते. मधल्या थरांत जिथे अक्षराची कड दिसेल तिथे त्याच थरातली शेजारची साफ कातडी Clone ने आणली. या थरांत मोठी सावली नसतेच, त्यामुळे कुठून उचलता याने फारसा फरक पडत नाही. लवेची दिशा तेवढी जुळवावी. आणि कडेच्या थोडं बाहेरपर्यंत जावं, कारण मोबाइलचा जेपीजी शाईचा हिरवट रंग रेघेपलीकडे पसरवतो.

Residual मध्ये मात्र जागा हेच सगळं. हात म्हणजे नळकांडं. खिडकीकडून मागे जाताना उजेड बोटभर अंतरात बदलतो, पण खांद्याकडून कोपराकडे हळूहळू. म्हणून रंग लांबीच्या दिशेने उचलायचा, आडवा कधीच नाही. Ctrl दाबून अक्षराच्या वरून रंग घेतला, दहा-पंधरा टक्के अपारदर्शकतेच्या मऊ ब्रशने खाली ओढला, मग खालून घेऊन वर. उजेडाची पट्टी, मधला रंग, खाचेतली सावली, तिन्ही वेगवेगळ्या फेऱ्यांत. खाचेसाठी काळा वापरायचा नाही. आपल्या कातडीची सावली तांबूस असते, काळा मिसळला की हात मळका दिसतो. खाच टॅटूखाली कुठून जात होती हे कळेना, तेव्हा त्याच मुलाच्या डाव्या हाताचा फोटो आरशातल्यासारखा उलटा करून शेजारी उघडला.

कळीची गोष्ट, सगळं सुरू करण्याआधी Image > Precision मध्ये सोळा बिट करून घ्यावं. नाहीतर मऊ सावलीत पायऱ्या पडतात, आणि त्या छपाईत दिसतात.

पडद्यावर छान दिसलं म्हणून मी आता थांबत नाही. New from Visible ने एक प्रत काढते आणि Curves ने तिचा उठाव भरमसाट वाढवते. पुसलेली जागा ढगासारखी दिसली तर परत Residual कडे. मग दुसऱ्या प्रतीत रंगाची तीव्रता वाढवते, कारण उजेड जुळला तरी शाईचा हिरवटपणा मागे राहू शकतो. त्या दंडावर राहिलाच होता. नवा थर, मोड LCh Color, शेजारच्या कातडीचा रंग, हलक्या दोन फेऱ्या.

तक्रार एकच उरली, Heal ची. दुमडलेल्या बाहीच्या कडेशी तो गेला की शर्टाचा निळा रंग दंडावर ओढून आणतो, कारण तो भोवतालच्या रंगाशी जुळवून घेतो आणि भोवताली शर्ट असतो. कडेला Clone, मध्ये Heal, असं मी वाटून घेतलंय. आणि ज्या गोंदणात कातडीच उंचवट्यासारखी उठलेली असते, तिथे हे सगळं मुकाट्याने हरतं. तिथे पोतही नव्याने आणावा लागतो.

अ‍ॅपला एक सेकंद लागायचा, मला चाळीस मिनिटं लागतात. काका फोटोमागे पैसे तेवढेच देतात. दुसरं प्रूफ पाठवलं त्या रात्री फोन वाजलाच नाही. सकाळी काकांचा मेसेज आला, "आई ओके. आता बाकीचे अकरा पण कर."