इन्व्हर्स की डिटर्मिनंट? एकच गणित दोन्हींनी

सांगलीत फर्स्ट इयरच्या असाइनमेंटमध्ये ‘कोणतीही एक पद्धत वापरा’ असं लिहिलेलं दिसलं की पोरं अडतात. हे उदाहरण घ्या:

x + y + z = 6
x + 2y + 3z = 14
x + 4y + 9z = 36

डिटर्मिनंटने, म्हणजे क्रॅमरच्या नियमाने, D = 2 येतो. एकेक कॉलम काढून तिथे 6, 14, 36 ठेवले की Dx = 2, Dy = 4, Dz = 6. प्रत्येकाला D ने भागा: x = 1, y = 2, z = 3. चार डिटर्मिनंट लागतात, पण Dy चुकला तर फक्त y बिघडतो.

इन्व्हर्सला नऊ कोफॅक्टर काढायचे. पहिल्या ओळीचे 6, −6, 2. पहिल्या ओळीत सगळे 1 असल्यामुळे त्यांचीच बेरीज 2, म्हणजे D वेगळा काढायला नको. खरी मेख ट्रान्सपोजमध्ये आहे. तो विसरलात तर x = 12, y = −13, z = 7 येतं, आणि गंमत म्हणजे पहिलं समीकरण तरीही जुळतं! दुसऱ्यात मात्र 14 ऐवजी 7 येतात. म्हणून ताळा तिन्ही समीकरणांत घ्या.

D = 0 आला तर दोन्ही पद्धती थांबतात. तेव्हा Dx, Dy, Dz पैकी एक जरी शून्य नसला तरी उत्तर नाही, एवढं क्रॅमरवरून कळतं. तिन्ही शून्य असतील तर रँक तपासा.

एकच प्रश्न किंवा फक्त z हवा असेल तर क्रॅमर. डावी बाजू तीच ठेवून उजवीकडचे आकडे बदलत दोन-तीन प्रश्न दिले असतील तर इन्व्हर्स एकदाच काढा, पुढे नुसता गुणाकार उरतो.