दिवसाची सगळी नोटिफिकेशन्स सकाळी एकदाच: काही महिने वापरल्यानंतर

आयफोनमध्ये २०२१ साली आलेल्या आयओएस १५पासून Scheduled Summary नावाची सोय आहे. आपण निवडलेल्या ॲप्सची नोटिफिकेशन्स फोन रोखून धरतो आणि ठरलेल्या वेळी एकत्र दाखवतो. सुरुवातीला त्यात सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ अशा दोन वेळा असतात. मी संध्याकाळची वेळ काढून टाकली आणि सकाळची साडेसातवर आणली. बारीकसारीक रिमाइंडरसाठी दिवसातून एकदा पुरतं, असं आता खात्रीने सांगते.

सोय सुरू करताना ॲप्सची यादी समोर येते आणि प्रत्येकाची रोजची सरासरी नोटिफिकेशन्सही दिसतात. सर्वात जास्त त्रास देणारी ॲप्स सरसकट टाकावीशी वाटतात, पण त्या आकड्यावर जाऊ नका. सकाळी ७.३१ला आलेलं नोटिफिकेशन दुसऱ्या दिवशी ७.३०ला दिसणार आहे, म्हणजे जवळजवळ २४ तास उशिरा. तेवढ्या उशिराने काही बिघडत नसेल तरच ते ॲप गठ्ठ्यात घाला. माझ्याकडे बिलं, वर्गणीचं नूतनीकरण, भाषेचा सराव, फिल्टर बदलायची आठवण हे सगळं आत आहे. औषधं, भेटीच्या वेळा आणि बँकेचे व्यवहार बाहेरच ठेवलेत.

खरी मेख मुदतीच्या कामांत आहे. समजा बिलाची शेवटची तारीख १० आहे आणि ॲप त्याच दिवशी दुपारी आठवण करतं. गठ्ठ्यात ती ११ तारखेच्या सकाळी दिसेल, मुदत उलटून गेल्यावर. म्हणून अशा ॲपमध्ये जाऊन आठवण दोन दिवस आधीची करावी लागते. ८ तारखेच्या दुपारची आठवण ९च्या सकाळी दिसते आणि हातात पूर्ण दोन दिवस राहतात. ज्या ॲपमध्ये आठवणीची वेळ बदलता येत नाही, ते मी गठ्ठ्यात घेतच नाही.

गठ्ठ्यातलं एखादं ॲप तरीही दिवसभर वाजत असेल, तर त्याच्या नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये Time Sensitive Notifications चालू आहे का ते बघा. तातडीच्या म्हणून पाठवलेल्या सूचना गठ्ठा चुकवून लगेच येतात. खरेदीचं एक ॲप सवलतींच्या जाहिरातीही याच वाटेने पाठवत होतं. ते बटण बंद केल्यावर थांबलं.

गठ्ठ्यात वर काय दाखवायचं हे फोन स्वतः ठरवतो. चित्र असलेली सूचना मोठी दिसते आणि बिलाची साधी ओळ खाली जाते, त्यामुळे शेवटपर्यंत वाचायलाच हवं. यादी लांबली की डोळे नुसते वरून फिरतात. म्हणून एखादी आठवण ओळीने काही सकाळी न उघडताच पुसली गेली, तर मी ती त्या ॲपमध्ये जाऊन कायमची बंद करते.