लिंकसोबतचं चित्र: आडवं की चौकोनी?

सांगलीत हळद विकणाऱ्या माझ्या मावसभावाने विचारलं, "दादा, वेबसाइटची लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की दिसणारं चित्र आडवं करू की चौकोनी?"

दिसण्यात आडवं, म्हणजे १२०० × ६३० पिक्सेलचं, सरस. लिंकच्या वर रुंद पट्टी येते, हळकुंडांचा रंग नजरेत भरतो. पण काही ठिकाणी तेच चित्र छोट्या चौकोनात दिसतं आणि दोन्ही बाजू कापल्या जातात. त्याच्या दुकानाचं नाव डाव्या कडेला होतं. चौकोनात अर्धंच उरलं. मधला ६३० × ६३० चा भाग धरला, तर दोन्हीकडून २८५ पिक्सेल जातात. म्हणून नाव त्या मधल्या भागातच हवं.

चौकोनी चित्राला, समजा ६०० × ६०० च्या, ही काळजी नाही. लोगो तयार असेल तर काम पाच मिनिटांचं. मात्र रुंद पट्टीत वर-खाली कापलं जातं.

वजनाचं भान दोन्हीकडे ठेवावं. त्याचा फोटो पीएनजीत दीड एमबी होता, चित्र उमटतच नव्हतं. जेपीजी करून ३०० केबीच्या आत आणल्यावर दिसू लागलं. वेबपानाच्या कोडमध्ये चित्राचा पत्ता पूर्ण द्यायचा:

```html
<meta property="og:image" content="https://example.com/halad.jpg">
```

चित्र बदललं तर फाइलचं नावही बदला, नाहीतर साठवलेलं जुनंच दिसत राहतं.

माल फोटोवर विकला जात असेल तर आडवं घ्या. फक्त लोगो ओळखू यावा एवढंच हवं असेल तर चौकोनी पुरे. भावाला मी आडवंच करायला लावलं, नाव मधोमध ठेवून.