60 कोटी उभे करायचे आहेत: नफा, कर्ज की नवे शेअर?

वाहनांचे सुटे भाग बनवणारी चाकणची एक लिस्टेड कंपनी उदाहरणापुरती धरू. तिला 60 कोटींची नवी फोर्जिंग लाइन बसवायची आहे. लाइनचं आजचं मूल्य 69 कोटी, म्हणजे निव्वळ फायदा 9 कोटी. व्याज आणि कर तूर्त बाजूला ठेवू. हा पैसा साठवलेल्या नफ्यातून आणायचा, बँकेकडून घ्यायचा की नवे शेअर काढून? तिन्हींचे ढोबळ खर्च वाचकांना माहीत असतीलच. इथे तुलना एकाच कसोटीवर करतो: कंपनीबद्दल व्यवस्थापनाला जे ठाऊक आहे ते बाजाराला ठाऊक नसेल, तर कुठल्या मार्गाची किती किंमत पडते?

समजा, एका मोठ्या ग्राहकाच्या येत्या मॉडेलची ऑर्डर मिळणार की नाही, हे व्यवस्थापनाला आतून कळलं आहे. ऑर्डर मिळाली तर सध्याचा धंदा 240 कोटींचा, न मिळाली तर 120 कोटींचा. बाजाराच्या लेखी दोन्ही शक्यता सारख्याच, म्हणून तो सरासरी 180 कोटी धरतो.

आधी शेअर पाहू, कारण खरी गोम तिथेच आहे. बाजाराच्या सरासरीने लाइनसकट कंपनी 249 कोटींची होते. 60 कोटी देणाऱ्या नव्या भागधारकांना त्यात सुमारे 24.1 टक्के हिस्सा द्यावा लागेल. पण ऑर्डर खरोखर मिळाली असेल तर लाइनसकट कंपनी 309 कोटींची आहे, आणि तिचे 24.1 टक्के म्हणजे साधारण 74.5 कोटी. म्हणजे 60 कोटी घेऊन 74.5 कोटी दिले. लाइनने 9 कोटी मिळवले, शेअरने 14.5 कोटी घालवले. जुन्या भागधारकांचं हित पाहणारं व्यवस्थापन अशा वेळी चांगली लाइनसुद्धा सोडून देईल. ऑर्डर न मिळालेल्या कंपनीचं गणित उलटं आहे. 189 कोटींचे 24.1 टक्के म्हणजे जेमतेम 45.5 कोटी, आणि बदल्यात 60 कोटी हातात. ती आनंदाने शेअर काढेल.

बाजारालाही हे गणित मांडता येतं. शेअर काढायला पुढे येते ती कमकुवत कंपनीच, असं तो धरतो आणि भाव पाडतो. आता 60 कोटींसाठी 189 कोटींतला 31.7 टक्के हिस्सा मागितला जातो. या भावाला चांगली कंपनी शेअर काढायला गेली तर तिला 98 कोटींची मालकी द्यावी लागेल. ती अर्थातच थांबते, आणि लाइनचे 9 कोटी कुणालाच मिळत नाहीत.

माझ्या मते पारडं झुकतं ते याच एका गोष्टीमुळे. शेअर काढण्याची घोषणा हेच एक विधान असतं, आणि ते खोडून काढायला चांगल्या कंपनीकडे शब्द उरत नाहीत. "आमची ऑर्डर पक्की आहे" असं सांगावं, तर ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असतो. शिवाय मोघम ग्वाही कमकुवत कंपनीही तितक्याच ठामपणे देऊ शकते, त्यामुळे ग्वाहीला किंमत नाही. मर्चंट बँकरचं कमिशन आधी मोजता येतं, त्यावर घासाघीस करता येते. या अविश्वासाचं बिल मात्र भावातून कापलं जातं आणि कुठल्याच खर्चाच्या रकान्यात दिसत नाही. स्टुअर्ट मायर्स आणि निकोलस मज्लुफ यांनी 1984 मध्ये हा युक्तिवाद मांडला. त्यातून निघालेली आधी नफा, मग कर्ज, शेवटी शेअर ही उतरंड म्हणजेच पेकिंग ऑर्डर. अमेरिकेतल्या औद्योगिक कंपन्यांवरच्या जुन्या अभ्यासांत नव्या शेअरच्या घोषणेला भाव सरासरी सुमारे 3 टक्के पडलेला दिसतो. आकडा छोटा वाटेल, पण तो संपूर्ण कंपनीच्या मूल्यावर लागतो, फक्त नव्या रकमेवर नाही.

आता तेच 60 कोटी कर्जाने आणू. ऑर्डर मिळो न मिळो, लाइनसकट कंपनी किमान 189 कोटींची आहे. बँकेचे 60 कोटी दोन्ही परिस्थितींत परत येतात, म्हणून आतली बातमी काय आहे याची बँकेला फारशी फिकीर नसते. चांगल्या कंपनीच्या भागधारकांकडे 309 वजा 60, म्हणजे 249 कोटी उरतात आणि लाइनचे 9 कोटी पूर्ण त्यांचेच राहतात. कर्जाची खरी ताकद ही. करातली वजावट हा वरचा लाभ.

पण ही ताकद कर्ज सुरक्षित असेपर्यंतच टिकते. याच कंपनीवर आधीचं 150 कोटींचं कर्ज असेल आणि परतफेडीत त्याचा हक्क पहिला असेल, तर वाईट परिस्थितीत नव्या बँकेच्या वाट्याला 189 वजा 150, म्हणजे 39 कोटीच येतात. तोटा भरून काढायला ती चांगल्या परिस्थितीत 60 ऐवजी 81 कोटी मागेल. मग चांगल्या कंपनीच्या भागधारकांकडे 309 मधून 150 आणि 81 वजा जाऊन 78 कोटी उरतील. लाइन न बसवता त्यांच्याकडे 90 कोटी होते. म्हणजे इथे कर्जही शेअरसारखंच वागलं. म्हणून ताळेबंदावरचं डेट-इक्विटी गुणोत्तर पाहून थांबू नये. सर्वांत वाईट वर्षात कंपनी केवढ्याची राहील आणि त्यातून सगळी देणी फिटतील का, हे आधी मांडावं.

साठवलेल्या नफ्यात कुणाला काही पटवायचंच नसतं. बाहेरचा कुणी किंमत लावत नाही, म्हणून चुकीची किंमत लागत नाही. खोट एकच: बाहेरचा कुणी प्रश्नही विचारत नाही, आणि पडून असलेली रोकड सुमार प्रकल्पांतही जिरू शकते. तरीही माझा कल इकडेच आहे, आणि त्याच्या जोडीला न वापरलेली कर्जाची मर्यादा. भरभराटीच्या वर्षी लाभांश एकदम वाढवू नये, कारण वाढवलेला लाभांश पुढे कमी करणं फार जड जातं. आणि सगळी मालमत्ता तारण ठेवून बसू नये. पुढच्या लाइनचे 60 कोटी तिथूनच यायचे असतात.

ही उतरंड सगळीकडे लागू पडते असं म्हणणं धाडसाचं होईल. मरे फ्रँक आणि विधान गोयल यांनी 2003 मध्ये अमेरिकी कंपन्यांचे आकडे तपासले, तेव्हा छोट्या कंपन्या शेअरवर बऱ्याच विसंबलेल्या आढळल्या, आणि त्यांच्याबद्दलची माहिती तर सगळ्यांत अपुरी असते. त्यांच्याकडे नफाही नसतो आणि तारणही, मग पहिल्या दोन पायऱ्या उरतातच कुठे?

शेअरच काढावे लागणार असतील, तर क्यूआयपीच्या आधी राइट्स इश्यूचा विचार करावा. जुन्या भागधारकांनी आपापल्या वाट्याचे सगळे शेअर घेतले, तर कमी भावाने दिलेलं त्यांच्याच दुसऱ्या खिशात जातं. वरच्या उदाहरणातले 14.5 कोटी घरातच राहतात. रिलायन्स इंडस्ट्रीजने 2020 मध्ये 53,124 कोटींचा इश्यू याच मार्गाने आणला होता. मात्र प्रवर्तक स्वतःचा वाटा पूर्ण घेणार आहेत की हक्क दुसऱ्याला सोडून देणार आहेत, हे ऑफर लेटरमध्ये शोधून वाचावं. त्यांनी हक्क सोडला असेल, तर बाजार पुन्हा त्याच जुन्या शंकेवर येतो.