व्हर्टेक्स की डिसेंडंट: ‘विधिलिखित भेट’ ठरवताना कशाला किती वजन द्यावे

दोन पत्रिका शेजारी ठेवल्यावर एकाचा शुक्र दुसऱ्याच्या व्हर्टेक्सशी अंशात्मक युतीत दिसला की पाश्चात्त्य पद्धतीचे ज्योतिषी त्या भेटीला विधिलिखित म्हणतात; तोच शुक्र डिसेंडंटवर असेल, तर आकर्षण आणि जोडीदारी असा अर्थ लावतात. डिसेंडंट म्हणजे पश्चिम क्षितिजावर मावळणारा राशिबिंदू, अर्थात लग्नासमोरचे सप्तमस्थान, आणि त्याचा विवाहाशी असलेला संबंध फार जुना आहे. व्हर्टेक्स मात्र 20व्या शतकातील जॉन्ड्रो आणि चार्ल्स जेन या ज्योतिषांच्या कामातून पुढे आला. पूर्व बिंदू, खस्वस्तिक आणि पश्चिम बिंदू यांतून जाणारे वर्तुळ पश्चिमेकडे क्रांतिवृत्ताला जिथे छेदते, तो हा बिंदू होय.

या व्याख्येमुळेच आपल्या अक्षांशांवर व्हर्टेक्स अडचणीत येतो. डिसेंडंट दिवसभरात बाराही राशी फिरतो. परंतु साडेतेवीस अंशांहून कमी अक्षांशावर व्हर्टेक्सला तसे करता येत नाही. मुंबईत तो सायन मेष आणि तूळ यांच्या आरंभबिंदूंच्या दोन्ही बाजूंना सुमारे 55 अंशांतच राहतो, म्हणजे मिथुन, कर्क, धनू आणि मकर या राशींत कधीच येत नाही. पणजीत ही मर्यादा सुमारे 42 अंशांपर्यंत आकसते. त्यामुळे मुंबईत जन्मलेल्या दोघांचे व्हर्टेक्स जवळजवळ आले, तर त्यात नवल मानण्याजोगे फारसे काही नाही.

जन्मवेळेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. समजा, मुंबईत जन्मलेल्या मुलाचे सायन लग्न तूळ 0 अंश आहे. अशा वेळी डिसेंडंट आणि व्हर्टेक्स दोन्ही मेषेच्या आरंभी येतात, आणि मुलीचा शुक्र मेष 1 अंशावर असल्याने दोन्हींशी युती दिसते. खरी वेळ नोंदीपेक्षा 10 मिनिटे पुढे असेल, तर डिसेंडंट अडीच अंशांच्या आत सरकतो आणि युती टिकते, परंतु व्हर्टेक्स सुमारे 10 अंश सरकून ती पार मोडते. सायन लग्न मेषेच्या आरंभी असता मात्र तोच व्हर्टेक्स आठेक मिनिटांना एक अंश इतका संथ चालतो. म्हणून वेळ पाच मिनिटे मागेपुढे करून पत्रिका पुन्हा मांडावी. जी युती टिकत नाही, ती सोडून द्यावी.

दीप्तांशही आवरावेत. परस्परांचे दहा ग्रह मोजून 3 अंशांची सूट दिली, तर निव्वळ योगायोगानेही चारांपैकी एकाहून अधिक अनोळखी जोड्यांत एखादी डिसेंडंट-युती सापडेल. 1 अंशावर हे प्रमाण दहात एकाच्या आसपास येते. युरेनस, नेपच्यून आणि प्लूटो तर मोजूच नयेत, कारण एखाद्याच्या वर्गातील बहुतेक मुलांचे हे ग्रह जवळजवळ एकाच जागी असतात, आणि एकाचा ग्रह त्याच्या डिसेंडंटवर पडला, तर बहुतेकांचा पडतो. (ती सगळीच विधिलिखित म्हणायची का?)

भेट नियत असते, असे यातले काहीही सिद्ध करत नाही. परंतु ही पद्धत वापरायचीच असेल, तर माझ्या मते आधी डिसेंडंट पाहावा, आणि व्हर्टेक्स फक्त रुग्णालयातील नोंदीची वेळ हाती असेल तेव्हा, तोही 1 अंशाच्या आत.